डोळे मिटले म्हणजे अंधार होत नाही

"रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसा खोली काळोखी करून झोपू नये. डोळे मिटले की अंधारच असतो. खिडकीतलं ऊन अंगावर घेत झोपल्यास ड जीवनसत्त्व मिळतं आणि आठवडाभरात शरीराला सवय होते. जाड पडद्यांनी खोली तापते. आवाज येत असेल तर कानात कापूस घालावा."

हा मेसेज माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूबाईंना आला. बहीण नर्स आहे, रात्री आठ ते सकाळी आठ. सासूबाईंनी काळजीपोटीच तिच्या खोलीचे पडदे उतरवून धुवायला टाकले आणि ते परत लागलेच नाहीत. म्हणून याचं उत्तर द्यायलाच हवं.

पहिलं वाक्यच सगळ्यात घातक आहे. पापणी म्हणजे भिंत नव्हे, तिच्यातून उजेड आत जातो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्या मेंदूतल्या घड्याळाला फक्त 'दिवस आहे की रात्र' एवढंच कळवतात. 2022 साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने वीस निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. काहींना जवळपास पूर्ण अंधारात झोपवलं, काहींना एक रात्र शंभर लक्स उजेडात, म्हणजे घरातला साधा दिवा लावून. उजेडात झोपलेल्यांच्या हृदयाचे ठोके रात्रभर जास्त राहिले आणि सकाळी त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद कमी झालेला दिसला. डोळे मिटून, गाढ झोपेत असूनही! प्रयोग रात्रीचा होता, दिवसाचा नाही, हे मान्य. पण पडदे नसलेल्या खोलीत दिवसाढवळ्या शंभर लक्स कधीच ओलांडले जातात.

'सवय होते' हेही तसंच. घरी येताना ऊन, झोपताना ऊन, सुट्टीच्या दिवशी पुन्हा सगळ्यांसारखी रात्रीची झोप. शरीराचं घड्याळ फिरणार कसं? वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांपैकी बहुतेकांचं ते पूर्ण फिरत नाही.

ड जीवनसत्त्वाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. ते तयार व्हायला जे अतिनील किरण लागतात ते खिडकीची काच अडवते, त्यामुळे काचेआड झोपून फक्त घाम येईल. उठल्यावर मात्र बाहेर उन्हात जायला हवं, एवढं खरं आहे.

आता पडदे. 'लावले होते, तरी उजेड यायचाच' असं सासूबाई म्हणाल्या आणि ते बरोबर होतं. कापड गडद रंगाचं असलं म्हणजे उजेड अडतोच असं नाही. मोबाइलचा टॉर्च कापडामागे धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चमकले तर आतून ब्लॅकआउट अस्तर जोडावं लागेल. पण खरा उजेड येतो तो कडेने. बहिणीची खिडकी चार फुटांची, पूर्वेची, आणि रॉड नेमका चौकटीएवढा. आम्ही सहा फुटांचा रॉड चौकटीच्या अर्धा फूट वर बसवला, दोन्ही टोकं भिंतीकडे वळवलेला. पडदा खिडकीच्या खाली फूटभर लोंबेल असा घेतला आणि बाजूच्या कडा वेल्क्रोने भिंतीला चिकटवल्या. कड्यांच्या पडद्याला वर लाटा पडतात, तिथून छतावर उजेडाची पट्टी उमटते. ती झाकायला वर कापडी झालर लावली. दाराच्या वरच्या काचेला दुहेरी काळा कार्डपेपर, दाराखाली गुंडाळलेला टॉवेल, स्टॅबिलायझरच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी. मग भर दुपारी दिवा बंद करून दहा मिनिटं आत बसायचं. डोळे सरावल्यावरही हाताची बोटं मोजता आली, तर उजेड कुठून येतोय ते शोधायचं.

खोली तापते, हे नाइलाजाने मान्य करते. काचेतून आत आलेलं ऊन आतला पडदा पुरतं परत पाठवू शकत नाही. अस्तराची पांढरी बाजू काचेकडे ठेवली तर थोडा फरक पडतो. खरा फरक खिडकीबाहेर बांबूची चिक लावल्याने पडतो, कारण ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. पंखा चालूच ठेवा.

तो पंखा आवाजाच्या कामीही येतो. माणूस दचकून उठतो ते शांततेत मध्येच वाजलेल्या शिट्टीने किंवा बेलने. पंख्याच्या सतत घरघरीत ते आवाज कमी टोचतात. कापसाने जवळजवळ काहीच अडत नाही, आणि पडद्यानेही फारसं नाही. फोमचे इअरप्लग घ्या. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुलेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवला तर उपयोग नाही. प्लग घालून गजर ऐकू येतो का, हे आधी सुट्टीच्या दिवशी तपासा. नाहीतर फोन कंपनावर ठेवून उशीखाली ठेवा.

बाकी कुकर सकाळी सातच्या आत लावणं आणि दुपारपर्यंत बेलचं बटण बंद ठेवणं, एवढं सासूबाईंनी आपणहून कबूल केलंय. पडदे मी परवा स्वतः चढवून आले.