अग्निरोधक आहे, कारण तसं लिहिलंय

वसतिगृहासाठी पडदे आणि गाद्या घ्यायला निघालात ना? मग लेबलावर 'अग्निरोधक' शब्द दिसला की तिथेच थांबा. पुढचं वाचणाऱ्यांचा वेळ जातो, आणि दुकानदाराचा चेहराही उतरतो.

तो आधी लायटरचा खेळ दाखवेल. पडद्याच्या मधोमध दोन सेकंद ज्योत धरेल, भोक पडेल, आग विझेल. टाळ्या वाजवा. साधं पॉलिस्टरही असंच वागतं, कारण ते ज्योतीपासून वितळून मागे सरतं, असले रसभंग करू नका. 'ज्योत खालच्या काठाला लावून बारा सेकंद ठेवा' असं तर चुकूनही म्हणू नका. आग काठावर लवकर पकडते आणि वर चढते, हे त्यालाही माहीत असतं; म्हणूनच तो मधोमध धरतो.

अस्तराचा विषय मुळीच काढू नका. पॉलिस्टरचा पडदा एकटा पास होतो, सुती अस्तरही वेगळ्या कागदावर पास असू शकतं. दोन्ही एकत्र शिवली की मात्र सुती कापड जागचं हलत नाही आणि वितळलेलं पॉलिस्टर त्याला धरून जळतं, वातीला तेल मिळावं तसं. चाचणी जोडीची हवी होती. पण जोडीची मागितली तर शिलाईचा खर्च वाढतो, शिवाय दुकानदार म्हणतो, "अहो, एवढं कोण बघतं?"

धुलाईबद्दलही गप्पच राहा. काही कापडांत अग्निरोध धाग्यातच असतो. काही कापडं शेवटी क्षाराच्या द्रावणात बुडवून काढलेली असतात. दुसऱ्या प्रकारातला साधा क्षार पाण्यात विरघळतो, त्यामुळे पडदा जितका स्वच्छ, तितका निर्धास्त जळणारा. ब्रिटिश मानक बीएस ५८६७ मध्ये टाइप बी म्हणजे १२ धुलायांनंतरची परीक्षा आणि टाइप सी म्हणजे ५० धुलायांनंतरची. तुमच्याकडे वर्षाला चार वेळा पडदे धुतले जात असतील, तर टाइप बीची हमी तीन वर्षांत संपते. पडदे न धुणं हा एक उपाय आहे, आणि बऱ्याच वसतिगृहांनी तो आधीच अमलात आणला आहे.

आता गादी. आमच्याकडे वीस गाद्यांबरोबर आलेलं प्रमाणपत्र अगदी देखणं होतं. सोनेरी कडा, गोल शिक्का, आणि चाचणीचं नाव एफएमव्हीएसएस ३०२. शोधलं तर ते मोटारींच्या आतल्या सामानासाठीचं अमेरिकी मानक निघालं. त्यात आडव्या धरलेल्या नमुन्यावर आग मिनिटाला १०२ मिलिमीटरपर्यंत सरकली तरी नमुना पास होतो. नमुना जास्तीत जास्त १३ मिलिमीटर जाड. आमच्या गाद्या १५० मिलिमीटर. खोळ तर चाचणीत नव्हतीच. त्या वेगाने १,९०० मिलिमीटर लांबीच्या गादीवर आग पायथ्यापासून उशीपर्यंत जायला साडेअठरा मिनिटं लागतील, आणि तीही आगीने प्रमाणपत्राचा मान राखून आडवंच चालायचं ठरवलं तर. खरी गादी स्वतःच्या उष्णतेने आणखी भडकते, तेव्हा हे गणित आशावादी आहे.

दुसरी गंमत सिगारेटची. गाद्यांच्या चाचणीचं युरोपीय मानक ईएन ५९७; त्याचा पहिला भाग धुमसत्या सिगारेटचा आणि दुसरा काडीएवढ्या ज्योतीचा. दुकानदार पहिला भाग दाखवतो. दुसरा 'मागवून देतो'. विद्यार्थी सिगारेट ओढत नाहीत, हे आपण सगळे जाणतोच. उशीखाली तापणारा चार्जर मात्र या दोन्ही भागांत बसत नाही. वसतिगृहासाठी गाद्यांच्या ब्रिटिश मानकातली, म्हणजे बीएस ७१७७ मधली, 'मध्यम धोका' ही श्रेणी मागावी. तिच्यात फोम आणि खोळ एकत्र ठेवून, वर छोटा लाकडी मनोरा रचून पेटवतात. अर्थात ती मागितलीत तर गादी महागते. आणि 'मध्यम धोका' हे शब्द पालकांना आवडत नाहीत. 'शंभर टक्के सुरक्षित' आवडतात.

अहवालात नमुन्याचा रंग, वजन आणि तारीख बघायची सवय असेल तर मोडा. 'नमुना अर्जदाराने पुरवला' ही ओळ बारीक अक्षरात असते. तिचा अर्थ एवढाच की प्रयोगशाळेने दुकानदाराने दिलेला तुकडा जाळला, तुमच्या खिडकीवरचा नव्हे.

मला ती सवय मोडता आली नाही. धुतलेल्या पडद्याची बोटभर रुंद पट्टी काठावरून कापली, वाळवली, अंगणात लोखंडी चिमट्यात उभी धरली, शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि खालून काडीची ज्योत लावली. बारा सेकंद मोजून काडी बाजूला केली. पट्टीवरची आग दोन सेकंदांत विझायला हवी होती. ती चिमट्यापर्यंत आली, आणि जळते थेंब खाली फरशीवरही पेटतच राहिले.

वॉर्डन बाजूला उभे होते. म्हणाले, "साहेब, आता त्या प्रमाणपत्राच्या फ्रेमचं काय करायचं? खिळा ठोकून झालाय."