लीजच्या गाडीचे मैल आणि ग्रुपवर फिरणारा फॉरवर्ड

"लीजच्या मैलांना घाबरू नका! (१) मर्यादा वर्षाची असते, वर्ष बदललं की मोजणी नव्याने. (२) जादा मैलांचे पैसे कायद्याने मागताच येत नाहीत, बिल आलं तर फेकून द्या. (३) ओडोमीटर थांबवणारं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, शेवटचे सहा महिने लावा. (४) ओरखडे, डेंट सगळं नॉर्मल वेअरमध्ये जातं. (५) अगदीच झालं तर गाडी विकत घ्या, सगळे चार्ज माफ. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला पाठवा."

एडिसनला राहणाऱ्या माझ्या भाचीने हा मजकूर मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, खरंय का? माझं लीज तीन महिन्यांत संपतंय." लीज संपून परत आलेल्या गाड्यांचे हिशेब करण्यात मी नऊ वर्षं काढली आहेत. तिने विचारलं म्हणून बरं झालं. न विचारता तिसरा मुद्दा कोणी अमलात आणला तर काय होईल, या विचाराने मी हे लिहायला बसलो.

म्हणून आधी तिसराच मुद्दा घेतो. ओडोमीटरला फसवणारं यंत्र विकणं, बसवणं आणि वापरणं या तिन्ही गोष्टींना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदी आहे. जाणूनबुजून हे करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय लीजची गाडी परत करताना मीटरवरचा आकडा तुम्ही स्वतः लिहून द्यायचा असतो आणि त्याखाली सही करायची असते. हा कागद कंपनीच्या मर्जीचा नाही, संघीय नियमानेच मागितलेला आहे. म्हणजे यंत्र लावलेला माणूस शेवटी स्वतःच्या सहीने खोटं निवेदन देतो. पकडलं जायला फार काही लागत नाही. तेल बदलायला गाडी गेली की पावतीवर मैल लिहिले जातात. जानेवारीच्या पावतीवर ३६,००० आणि जुलैत परत करताना ३६,४०० असतील, आणि टायर मात्र पार घासलेले असतील, तर तपासणाऱ्याला तिथेच शंका येते. आपल्यातले कितीतरी जण व्हिसावर आहेत. व्हिसाच्या अर्जात अटक किंवा गुन्हा झाला होता का, हा प्रश्न असतोच. काही हजार डॉलर वाचवायला हा धोका पत्करा, असं शेकडो कुटुंबांना सांगणाऱ्याचा मला मनापासून राग आला आहे.

पहिला मुद्दा लवकर संपतो. करारात 'वर्षाला १०,०००' असं लिहिलेलं असलं, तरी सर्वसाधारण लीजमध्ये हिशेब एकदाच, शेवटी होतो. ३६ महिन्यांचं लीज म्हणजे एकूण ३०,००० मैल. पहिल्या वर्षी कमी चालवली तर ते मैल पुढे वापरता येतात. पण मुदत संपल्यावर उरलेल्या मैलांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

आता कायदा. १९७६ सालचा कन्झ्युमर लीजिंग अ‍ॅक्ट आणि त्याखालचं 'रेग्युलेशन एम' हे दोन्ही इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात. त्यात जादा मैलांच्या आकाराला बंदी कुठेच नाही. उलट, नेहमीच्या वापराच्या निकषांपलीकडच्या झिजेचे आणि अमुक मैलांवरच्या प्रत्येक मैलाचे अमुक दराने पैसे घेतले जाऊ शकतात, ही सूचना ग्राहकाला सही करण्याआधी लेखी द्यायला लावली आहे. ती तुमच्या करारात आहे, काढून बघा. बिल फेकून दिलं तर ते वसुली एजन्सीकडे जातं आणि क्रेडिट रिपोर्टवर बसतं.

हे पैसे का घेतात, तेही समजून घ्यायला हवं. लीजचा हप्ता ठरतो तो मुख्यतः गाडीची किंमत मुदतीत किती उतरेल यावर. मुदतीअखेरची अंदाजी किंमत, म्हणजे रेसिड्युअल, करारात आधीच लिहिलेली असते आणि ती ठरलेले मैल धरूनच काढलेली असते. भाचीच्या गाडीची किंमत ३२,००० डॉलर होती आणि रेसिड्युअल १७,०००. ती आठवड्यातून चार दिवस पार्सिपनीला नोकरीला जाते. ३३ महिन्यांत मीटर ४१,२५० वर आलं आहे. याच गतीने शेवटी ४५,००० होतील, म्हणजे १५,००० मैल जादा. तिचा दर मैलाला २५ सेंट आहे, म्हणजे ३,७५० डॉलर. सुरुवातीलाच वर्षाला १५,००० मैलांचं लीज घेतलं असतं, तर रेसिड्युअल सुमारे तीन टक्क्यांनी, म्हणजे ९६० डॉलरने कमी धरलं असतं आणि हप्ता महिन्याला साधारण २७ डॉलरने वाढला असता. कमी हप्ता दाखवायला डीलरने १०,००० वाला कागद पुढे केला आणि रोजचं अंतर तिला कोणी विचारलंच नाही.

पाचव्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, हे मला मान्य करावं लागतं. गाडी स्वतः विकत घेतली तर बहुतेक करारांत जादा मैल आणि झीज यांचे पैसे लागत नाहीत. पण 'माफ' म्हणजे फुकट नव्हे. १७,००० वर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर १,१२६ डॉलर होतो. समजा, बाजारात अशा गाडीला १६,२०० मिळतात. तर घेऊन लगेच विकण्यात ८०० अधिक १,१२६, म्हणजे सुमारे १,९२६ डॉलर जातील, शिवाय कागदपत्रांचा थोडा खर्च. परत दिली तर ३,७५० आणि गाडी परत घेऊन विकायला काढण्याची ३९५ डॉलरची डिस्पोझिशन फी मिळून ४,१४५, त्यावर झिजेचे वेगळे. इथे विकत घेणं नक्कीच बरं. पण बाजारभाव १३,००० असता तर तोटा पाच हजारांच्या वर गेला असता आणि परत देणंच स्वस्त पडलं असतं. भाव काढल्याशिवाय हा निर्णय होत नाही.

राहिली झीज. बारीक ओरखडे सहसा सोडून देतात, हे खरं. पण मोठे डेंट, तडा गेलेली काच, फुटपाथला घासलेली रिम आणि टायर यांचे पैसे लागतात. टायरवर लोक सर्वांत जास्त फसतात. एका सेंटच्या नाण्याने खाच मोजून निश्चिंत होतात, पण ती चाचणी इंचाच्या २/३२ ची आहे. अनेक करार ४/३२ मागतात. त्यासाठी क्वार्टर खाचेत उलटा धरावा. वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा भाग खाचेत झाकला गेला नाही, तर टायर गेला समजा.

झिजेचे निकष वाजवी असलेच पाहिजेत, असं रेग्युलेशन एम सांगतं. म्हणून बिलातली प्रत्येक नोंद करारातल्या निकषांशी ताडून बघा आणि जुळली नाही तर लेखी हरकत घ्या. भाचीला मी मुदतीआधीची तपासणी आत्ताच मागून घ्यायला सांगितलं आहे. बऱ्याच कंपन्या ती फुकट करून देतात. तिची यादी हातात आली की बाहेरच्या गॅरेजचा भाव घ्यायचा आणि यादीतल्या रकमेपेक्षा कमी असेल तेवढंच काम करून घ्यायचं. गाडी परत द्यायचीच ठरली, तर त्या दिवशी चारही बाजूंचे, चारही टायरांचे आणि मीटरचे फोटो काढायचे, आणि मैल लिहिलेली पोच घेतल्याशिवाय किल्ली हातातून सोडायची नाही.