फॉर्मवरचा फोटो बाजूला ठेवा, मग मॉर्फ सापडेल

«मॉर्फ केलेला फोटो ओळखणं दोन मिनिटांचं काम आहे. झूम करून डोळे, कान आणि केसांची कड बघा, जोड दिसतोच. चेहरा प्लास्टिकसारखा गुळगुळीत असेल तर शंभर टक्के बनावट. तरीही शंका असेल तर फोटो आणि समोरचा माणूस फेस मॅच ॲपवर टाका, जुळलं तर फोटो खरा. पासपोर्टही लोक असेच घेतात. सगळ्या सेतू केंद्रांना आणि कॉलेज ऑफिसांना पाठवा.»

नागपुरातल्या सेतू केंद्रांच्या आणि कॉलेज कार्यालयांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतो आहे. मॉर्फ म्हणजे दोन माणसांचे चेहरे मिसळून बनवलेला एकच फोटो, जो दोघांचाही म्हणून खपतो. त्याप्रमाणे तपासणी केली तर खरा मॉर्फ सुटेल आणि सक्करदऱ्याच्या एखाद्या स्टुडिओत सरळपणे फोटो काढलेली मुलगी अडकेल. दोन्ही गोष्टी गंभीर आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा झूमचा. मॉर्फ करताना दोन्ही चेहऱ्यांवर डोळ्यांचे कोपरे, नाक, ओठ, जबडा अशा ठिकाणी खुणेचे बिंदू ठेवतात. दोघांचे बिंदू ओढून मधल्या जागी आणतात आणि मग रंग अर्धे-अर्धे मिसळतात. बिंदू नीट जुळले नाहीत तिथे दुहेरी सावली राहते. बाहुलीत फ्लॅशचे दोन ठिपके दिसतात, नाकपुडीची कड दोनदा येते, कानामागे आणि केसांत धूसर पट्टा उरतो. इतपत मेसेजमधलं खरं आहे. पण जाणकार माणूस फक्त चेहऱ्याचा मधला भाग मिसळतो आणि तो दोघांपैकी एकाच्याच मूळ फोटोवर बसवतो. केस, कान, मान, कॉलर सगळं त्या एकाचंच राहतं. मेसेज जिथे बघायला सांगतो त्यातल्या बऱ्याच जागा त्यामुळे मुळातच स्वच्छ असतात. डोळ्यांतला ठिपका हाताने पुसता येतो.

त्याहून मोठी अडचण फोटोच्या आकाराची आहे. बँक भरतीच्या आणि इतर अनेक ऑनलाइन फॉर्मवर फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा मागतात. २०० पिक्सेल रुंदीत डोकं साधारण १२० पिक्सेल व्यापतं, तेव्हा दोन बाहुल्यांमधलं अंतर ५० पिक्सेलच्या आसपास येतं. खऱ्या माणसात हे अंतर सुमारे ६३ मिलिमीटर असतं आणि बुबुळ जेमतेम १२ मिलिमीटरचं. म्हणजे फॉर्मवरच्या फोटोत अख्खं बुबुळ ९-१० पिक्सेलचं होतं आणि फ्लॅशचा ठिपका एक-दोन पिक्सेलचा. जेपीईजी फाइल आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत माहिती दाबते, त्यामुळे बुबुळाचा बहुतेक भाग अशा एका-दोन चौकोनांतच संपतो. तिथे झूम केल्यावर दिसतात ते दाबलेल्या फाइलचेच ठोकळे. त्यात कुणी स्टुडिओतून छापील फोटो आणून नेट कॅफेत स्कॅन केला असेल, तर छपाईच्या कणांत उरलेसुरले धागेही जातात.

माणसाच्या नजरेचीही मर्यादा तपासली गेली आहे. ब्रिटनमध्ये रॉबिन क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नीट बनवलेले मॉर्फ ओळखताना लोक नाणेफेकीपेक्षा फारसे पुढे गेले नाहीत. कुठे काय बघायचं हे शिकवूनही फरक पडला नाही. ढोबळ मॉर्फ नजरेला पडतो, म्हणून बघणं सोडू नका. पण काही दिसलं नाही यावरून फोटो स्वच्छ ठरवू नका.

आता गुळगुळीत चेहरा. सीताबर्डीपासून दिघोरीपर्यंत कुठल्याही स्टुडिओत बसा. «भाऊ, डाग काढून द्या ना जरासे» हे वाक्य ऐकू येतंच आणि फोटोग्राफर ते कामाचा भाग म्हणून करतो. अनेक मोबाइलचा पुढचा कॅमेरा न विचारताच त्वचा सपाट करतो. मिसळल्यामुळे मॉर्फमध्येही त्वचा सपाट होते हे खरं, पण या एका खुणेवर अर्ज बाद करायला लागलात तर निम्मी रांग बाद होईल.

«नजर नको, सॉफ्टवेअर लावू» असं त्यावर कुणी म्हणेल. अमेरिकेतली निस्ट ही सरकारी मापन संस्था मॉर्फ ओळखणाऱ्या प्रणालींची चाचणी घेते. एकच फोटो बघून निकाल देणारी प्रणाली, ज्या सॉफ्टवेअरच्या मॉर्फवर ती शिकली आहे तिथे जवळजवळ सगळे मॉर्फ पकडू शकते. सॉफ्टवेअर अनोळखी असेल तर तीच प्रणाली ४० टक्क्यांच्याही खाली घसरू शकते. हे आकडे शंभरातला एक खरा फोटो चुकून मॉर्फ ठरण्याची मुभा देऊन काढलेले आहेत. ती मुभा इथे लावून बघा. समजा १०,००० अर्ज आले आणि त्यांत १० मॉर्फ आहेत. खऱ्या ९,९९० अर्जदारांतले सुमारे १०० जण संशयित ठरतील आणि खरे मॉर्फ फार तर चार सापडतील. यादीतल्या १०४ नावांपैकी शंभर निर्दोष. अशी यादी कुणाला बोलवायचं हे ठरवायला वापरता येईल, कुणाला काढून टाकायला नाही.

तिसरा मुद्दा फेस मॅचचा. मेसेजमधली सर्वांत घातक ओळ हीच, कारण दोघांशीही जुळावा यासाठीच मॉर्फ बनवलेला असतो. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या फेरारा, फ्रँको आणि माल्तोनी यांनी २०१४ मध्येच दाखवून दिलं की बाजारात विकली जाणारी फेस मॅच सॉफ्टवेअर एकच मॉर्फ दोन्ही माणसांसाठी स्वीकारतात.

कारण गुणांच्या हिशेबात आहे. फेस मॅच «तोच माणूस» असं सांगत नाही. ते साम्याला गुण देतं आणि गुण कटऑफच्या वर आहेत का एवढंच बघतं. एका काल्पनिक प्रणालीत त्याच माणसाच्या दोन फोटोंना ०.७५ ते ०.९० गुण मिळतात, परक्या माणसांना ०.२० च्या खाली आणि कटऑफ ०.४० आहे असं धरू. दाढी, वजन, वय, खराब प्रकाश यांमुळे खरा माणूस नाकारला जाऊ नये म्हणून कटऑफ इतका खाली ठेवावा लागतो. मधल्या त्या मोकळ्या पट्ट्यात मॉर्फ आरामात बसतो.

डमी उमेदवाराचं प्रकरण या आकड्यांनी चालवून बघू. नंदनवनमध्ये राहणारा उमेदवार आणि त्याच्यासाठी पेपर देणारा डमी, दोघं एका वयाचे, चेहऱ्याची ठेवण जवळची. फॉर्मवर दोघांचा मिसळलेला फोटो आहे. परीक्षेच्या दिवशी हिंगणा रोडच्या केंद्रावर डमी येतो. केंद्रावर त्याचा फोटो काढून फॉर्मशी जुळवतात आणि गुण येतात ०.५६, म्हणजे पास. काही महिन्यांनी रुजू व्हायला खरा उमेदवार येतो. त्याचाही फोटो काढून फॉर्मशी जुळवतात. गुण ०.५९, पुन्हा पास. दोन्ही नोंदी नियमानुसार आहेत आणि दोन्ही टेबलांवरच्या माणसांनी आपलं काम केलं आहे.

पण परीक्षेच्या दिवशीचा फोटो आणि रुजू होण्याच्या दिवशीचा फोटो यांची थेट तुलना कुणीच केली नाही. ती केली असती तर गुण ०.१२ आले असते. हे दोन्ही फोटो कार्यालयाच्या माणसासमोर काढलेले आहेत, त्यांत काही मिसळण्याची संधीच कुणाला मिळालेली नाही. फॉर्मवरचा फोटो उमेदवाराच्या हातून आला आहे, म्हणून विश्वास ठेवायला तोच सर्वांत कच्चा आणि आपण मात्र प्रत्येक वेळी त्यालाच मापदंड मानतो. माझं सांगणं एवढंच आहे: कार्यालयाने स्वतः काढलेले दोन फोटो एकमेकांशी जुळवा, फॉर्मवरचा फोटो बाजूला ठेवा. त्यासाठी महागडं मॉर्फ शोधणारं सॉफ्टवेअर लागत नाही. आहे तेच फेस मॅच पुरतं, फक्त तिसरी तुलना करायची.

खऱ्या उमेदवाराच्या बाबतीत तिन्ही गुण वर येतात. फॉर्मशी दोन्ही वेळा मध्यम आणि आपसांत तळाला, अशी रचना मॉर्फची असते. फॉर्मशी केलेली एखादी तुलनाही खाली आली असेल तर आधी फोटोचा दर्जा तपासा. खिडकीकडे पाठ, वेबकॅमचा अंधार, अर्धा वळलेला चेहरा यांमुळेही गुण पडतात. तेव्हा दुसरा फोटो काढणं हाच उपाय आहे. सख्खे भाऊ असतील, विशेषतः जुळे, तर चेहऱ्याची कुठलीही तुलना फसू शकते. तिथे परीक्षेच्या दिवशी घेतलेला अंगठा कामी येतो.

परीक्षेच्या दिवशी फोटो काढलाच जात नसेल तर एखादा जुना, विश्वासाचा फोटो शोधा. तो फॉर्मच्या फोटोशेजारी ठेवून न बदलणाऱ्या गोष्टी बघा: कानाच्या पाळीची जोडणी, तीळ, भुवईतला व्रण. मिसळताना एकाच चेहऱ्यावरचा तीळ पुसट होतो. जुन्या फोटोत ठळक असलेला तीळ फॉर्मवर अर्धवट उरला असेल तर विचारायला हवं. मात्र तीळ पूर्ण गायब असेल तर तो स्टुडिओनेही काढलेला असू शकतो.

पासपोर्टबद्दल थोडक्यात. आपल्याकडे मोठ्या माणसाचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्राच्या काउंटरवरच काढतात, नागपुरातही. अर्जदाराने आणलेला फोटो तिथे चालत नाही, म्हणून हा मार्ग बराचसा बंद आहे. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो मात्र पालक घेऊन जातात. जर्मनीत फोटो बाहेरून आणायची पद्धत होती. २०१८ मध्ये तिथल्या एका कार्यकर्त्यांच्या गटाने आपल्यातल्या एकीचा चेहरा युरोपीय संघाच्या तेव्हाच्या परराष्ट्र प्रतिनिधी फेडेरिका मोगेरिनी यांच्या चेहऱ्यात मिसळला आणि त्या फोटोवर अस्सल पासपोर्ट मिळवून दाखवला. मे २०२५ पासून तिथे कागदी फोटो घेणं बंद झालं. कार्यालयात काढलेला किंवा नोंदणीकृत फोटोग्राफरने सुरक्षित मार्गाने पाठवलेला डिजिटल फोटोच चालतो. आपल्या कर्मचारी निवड आयोगानेही २०२४ पासून अर्ज भरतानाच कॅमेऱ्यातून थेट फोटो घ्यायला सुरुवात केली. ते पाऊल चांगलं आहे. पण घरी बसून दिलेल्या थेट फोटोत कॅमेऱ्यासमोर दुसरी स्क्रीन धरता येते, म्हणून केंद्रावरचा फोटो त्याने रद्द होत नाही.

तिसरी तुलना नापास झाली तर काय करायचं, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. उमेदवाराला खोलीत घेऊन आरोप करू नका. नवा फोटो आणि अंगठा घ्या, परीक्षेच्या नोंदीशी जुळवा, त्याचं म्हणणं लिहून घ्या. फॉर्मसोबत अपलोड झालेली मूळ फाइल सर्व्हरवरून जशीच्या तशी उतरवून ठेवा. तिचा स्क्रीनशॉट काढू नका आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, कारण तिथे ती पुन्हा दाबली जाते आणि तपासणाऱ्याला हव्या त्या खुणा पुसल्या जातात. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तक्रार करायची वेळ आली तर पोलिसांना तीन फोटोंच्या मूळ फाइली, तिन्ही तुलनांचे गुण आणि प्रत्येक फोटो कुणी, कुठे, किती वाजता काढला त्याची नोंद द्या.