चेसिस नंबर विचारा

“नव्या बॅचमध्ये स्टिअरिंगची खडखड गेली का, असा मेल कस्टमर केअरला केला. ‘तक्रार नोंदवली आहे’ एवढंच उत्तर आलं. आता काय विचारू?”

स्टिअरिंग कॉलमला खालच्या गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या दांड्याचा, म्हणजे इंटरमीजिएट शाफ्टचा, पार्ट नंबर बदलला का आणि कितव्या चेसिस नंबरपासून, असं विचारा. पार्ट सुधारला की बहुधा नंबरही बदलतो, निदान शेवटचं अक्षर तरी. मला यावर नेमकं उत्तर मिळालं. माझी गाडी त्या चेसिस नंबरच्या आधीची निघाली आणि शाफ्ट वॉरंटीत बदलून मिळाला.

नवी गाडी घेताना इंजिन चालू, गाडी उभी ठेवून स्टिअरिंग दोन बोटं डावी-उजवीकडे झटपट हलवा. शाफ्टचा जोड सैल असेल तर टकटक तळहाताला जाणवते. गुळगुळीत रस्त्यावर चालवून ती कळत नाही.