ड्रममधला महापूर

परवा रविवारी वॉशिंग मशीनमधली धुलाई संपली आणि दार उघडेना. काचेआड माझ्या दोन पँटी आणि बायकोची चादर अर्ध्या ड्रम पाण्यात निवांत डुंबत होती. सर्व्हिसवाल्यांना फोन केला. "तीन दिवसांनी येऊ, व्हिजिटचे पैसे वेगळे." म्हणजे बघायचेसुद्धा पैसे!

तेवढ्यात शेजारचे काका आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सांगलीत पाणी तुंबलंय आणि काका घरात बसलेत, असं झालेलं नाही.

"काय ओ, पातळी किती?"

"काका, मशीन आहे, कृष्णेवरचा आयर्विन पूल नाही."

"पंचेचाळीस फुटाला धोका असतोय," असं म्हणत त्यांनी खुर्ची ओढली आणि चहा मागितला.

मी प्लग काढला. खाली उजव्या कोपऱ्यातलं झाकण उघडलं. फिल्टरशेजारी बारकी नळी असते, आधी तिच्यातून पाणी काढायचं असतं, हे मला माहीत होतं. पण नळी इतकी खाली की बादली बसेना. परात लावली. ती दोन मिनिटांत भरायची, मग बूच लावा, मोरीत ओता, परत या. मी बारा फेऱ्या मारल्या. काका चहा पीत होते. "विसर्ग वाढवा की!" मी वैतागून सरळ फिल्टरच फिरवला. उरलेलं सगळं पाणी लादीवर, काकांच्या चपलांसकट.

"पूर्वसूचना न देता सोडलंत," काका पाय वर घेत म्हणाले.

फिल्टरमध्ये एक रुपयाचं नाणं, ब्लाउजचा हूक आणि लोकरीसारखा काळा बुळबुळीत गोळा निघाला. आतलं पंपाचं पातं बोटानं फिरवून पाहिलं. ते अडखळत, झटके देत फिरलं. आत चुंबक असल्यानं ते तसंच फिरतं, म्हणजे ठीक. मी विजयी मुद्रेनं फिल्टर घट्ट बसवला, थोडं पाणी घेऊन नुसतं पाणी काढायचं बटण दाबलं. पंप घुंऽऽ करत राहिला, पाणी हलेना. मुका असता तर पंप गेला म्हटलं असतं. हा राबत होता, पण वाट बंद होती.

"मी सांगू?" काका. "तुम्ही धरण तपासताय. खाली कर्नाटकातलं अलमट्टी बघा. फुगवटा खालनं येतोय."

चिडून मशीन पुढं ओढलं. मागचा पाइप भिंतीला चेपून दुमडला होता. गेल्या महिन्यात झाडताना मीच मशीन मागं ढकललं होतं. दुमडल्या जागी धाग्यांचा आणि साबणाचा लगदा बसलेला. पाइप काढून नळाखाली धरला, तर बोटभर लांब गाबडं सटकन् बाहेर पडलं. पाइप सरळ लावला, मागं वीतभर जागा सोडली. पाणी भडाभडा गेलं, दारही उघडलं. चादर मात्र आंबूस वासाची, पुन्हा धुवावी लागली.

सर्व्हिसवाल्यांना नको म्हणून कळवलं. तर "बुकिंग रद्द करायला उद्या फोन करा" म्हणे.

आणि काकांनी आख्ख्या अपार्टमेंटला सांगितलंय. आज सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. "भावजी, अलमट्टीचे दरवाजे उघडले का ओ?"