सामाईक वीजबिल कोणी किती भरायचे : फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

"तळमजल्यावरचे सभासद लिफ्ट वापरत नाहीत, म्हणून कायद्याने त्यांना लिफ्टचे वीजबिल माफ आहे. उरलेले सामाईक बिल चौरस फुटांप्रमाणे वाटावे, मोठे घर तेवढा मोठा वाटा. बंद घराला सामाईक वीज लागूच नाही."

नाशिकमधील इमारतींच्या गटांमध्ये फिरणाऱ्या या संदेशाची मूळ चूक अशी की, तो एकच नियम सर्व इमारतींना लावतो. आपल्या शहरात सहकारी गृहनिर्माण संस्था जशा आहेत, तशाच १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदवलेल्या इमारतीही आहेत, आणि या दोहोंत खर्चवाटपाची रीत मुळातच वेगळी आहे. फाटकावरच्या पाटीवर 'अपार्टमेंट' लिहिले असले, तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. उपनिबंधकांनी दिलेले नोंदणी प्रमाणपत्र असेल तर ती संस्था, आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले 'डीड ऑफ डिक्लेरेशन' असेल तर ते अपार्टमेंट. म्हणून वाद घालण्याआधी कागद काढावा.

संस्थेच्या बाबतीत लिफ्टविषयी आदर्श उपविधींचे म्हणणे स्पष्ट आहे. लिफ्टची दुरुस्ती, देखभाल आणि ती चालवण्याचा खर्च ज्या इमारतीत लिफ्ट आहे तेथील सर्व सभासदांनी समान भरायचा आहे, मग ते ती वापरोत वा न वापरोत. 'ज्या इमारतीत' हे शब्द मात्र महत्त्वाचे आहेत. एकाच संस्थेच्या दोन इमारतींपैकी एकीला लिफ्ट नसेल, तर तिच्या रहिवाशांवर लिफ्टचा भार टाकता येत नाही. तेथे लिफ्टच्या वायरवर वेगळा उपमीटर बसवणे हाच सोपा उपाय आहे.

माफीने किती फरक पडतो तेही पाहू. तळमजल्यावर दोन आणि वर चौदा अशी सोळा घरे असलेली इमारत उदाहरणादाखल घेऊ. सामाईक मीटरचे महिन्याचे बिल ४०० युनिटचे, सर्व आकार धरून ४,८०० रुपये, म्हणजे सरासरी युनिटला १२ रुपये. तीन अश्वशक्तीचा पंप तासाला अंदाजे तीन युनिट घेतो. तो रोज दोन तास चालला तर महिन्याला १८० युनिट होतात. जिन्यातील आणि पार्किंगमधील दहा वॅटचे वीस दिवे रोज बारा तास लागले तर ७२ युनिट. उरलेली १४८ युनिट लिफ्टची, म्हणजे १,७७६ रुपये. सोळा घरांत ते वाटले तर प्रत्येकी १११ रुपये. तळमजला वगळला तर वरच्या प्रत्येक घरावर सुमारे १६ रुपये वाढतात. बैठकीत भांडण बहुधा लिफ्टवरून पेटते, पण या बिलात सर्वांत मोठा वाटा पंपाचा आहे. टाकी भरून वाहत असतानाही तो चालू राहत असेल, तर वाटपापेक्षा पातळी पाहून बंद होणारा स्वयंचलित स्विच आधी तपासावा.

चौरस फुटांचा मुद्दा संस्थेला लागू होत नाही, कारण आदर्श उपविधींमध्ये सामाईक वीज ही सेवाशुल्कात मोडते आणि सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते. वरच्या उदाहरणात प्रत्येक घराला ३०० रुपये येतील, मग ते एका खोलीचे असो वा तीन खोल्यांचे. अपार्टमेंटमध्ये मात्र घोषणापत्रात प्रत्येक सदनिकेपुढे सामाईक भागातील अविभक्त हिश्श्याची टक्केवारी लिहिलेली असते, आणि खर्च त्याच टक्केवारीने वाटायचा असतो. आठ घरांचा हिस्सा प्रत्येकी ५ टक्के आणि आठांचा ७.५ टक्के असेल, तर त्यांना अनुक्रमे २४० आणि ३६० रुपये भरावे लागतील. यात मोठ्या घराला जास्त पडते हे खरे. परंतु आधार घोषणापत्रातील टक्केवारीचा आहे, कोणी टेपने मोजलेल्या चौरस फुटांचा नव्हे. अपार्टमेंटच्या समितीने केवळ सोपे पडते म्हणून सरसकट समान रक्कम लावली, तर लहान घराचा मालक त्यावर रास्त हरकत घेऊ शकतो.

अपार्टमेंटमध्येही तळमजल्याचा मालक सामाईक सोय वापरत नाही म्हणून सुटत नाही. वापर सोडून दिल्याने खर्चाची जबाबदारी संपत नाही, असे कायदाच सांगतो. अपवादाची शक्यता एकच: घोषणापत्रात लिफ्ट काही ठरावीक सदनिकांपुरती मर्यादित सामाईक सोय म्हणून नोंदवलेली असेल, तर त्यातील शब्द नीट वाचून निर्णय घ्यावा लागेल.

बंद घराबद्दल थोडक्यात. रिकामे राहिल्याने ना सदनिका संस्थेतून वजा होते, ना टक्केवारी. महावितरणच्या बिलातला स्थिर आकार आणि जिन्यातील दिवेही कोणाच्या कुलपाकडे पाहत नाहीत. भाड्याने दिलेल्या घराला संस्था बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. 'भाडेकरू लिफ्ट जास्त वापरतात' म्हणून त्याखेरीज वेगळा वीजआकार लावण्याची तरतूद आदर्श उपविधींत नाही.

संस्थेतील वाद असल्यास आपल्या संस्थेने प्रत्यक्षात कोणत्या उपविधी स्वीकारल्या आहेत त्यांची प्रत सचिवांकडून लेखी अर्जाने मागावी आणि मागील बारा महिन्यांची सामाईक मीटरची बिले सोबत ठेवावीत. त्या बिलांवर वर्गवारी घरगुती आहे की व्यावसायिक, हेही पाहावे. निवासी इमारतीचे पंप, लिफ्ट आणि जिन्याचे दिवे घरगुती दरात बसतात, आणि तेथे चुकीची वर्गवारी लागलेली असेल तर दुरुस्तीचा अर्ज महावितरणकडे करायचा असतो.