कॉलेजचा ग्रुप, असोसिएशनचा ग्रुप आणि माझी कामाची वही

नोकरी सोडून स्वतंत्र स्ट्रक्चरल कन्सल्टंट म्हणून काम सुरू केलं त्याला सहा वर्षं झाली. प्रत्येक काम कुणाच्या ओळखीनं आलं, ते मी वहीत लिहून ठेवतो. परवा वही काढून मोजलं तर निम्म्याहून जास्त कामं दोनच ठिकाणांहून आलेली दिसली: कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि आमच्या इंजिनिअर्सच्या असोसिएशनचा स्थानिक ग्रुप. नव्यानं स्वतःचं काम सुरू करणारे बरेच जण या दोन्हीकडे एकच मजकूर टाकतात. माझं स्पष्ट मत आहे की तिथंच गाडी अडते, कारण दोन्हीकडची माणसं काम देतात ती अगदी वेगळ्या कारणांनी.

कॉलेजच्या ग्रुपमध्ये आपलं गिऱ्हाईक असतं, पण ते सिव्हिलवाल्यांमध्ये नसतं. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलच्या मित्रांपैकी कुणी सोसायटीचा सेक्रेटरी झालेला असतो, कुणी कारखान्याची देखभाल सांभाळत असतो. त्यांना आपली पदवी आणि अनुभव माहीतच असतो. आपलं बोलणं त्यांना समजतंय का, एवढंच ते बघतात.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका मेकॅनिकलच्या मित्रानं पार्किंगमधल्या कॉलमचा फोटो टाकला. कोपऱ्यालगत उभी चीर, कडेला तांबूस डाग. "प्लॅस्टर करून घेऊ का रे?" खाली तिघांनी आपापली कार्डं टाकली. मी लिहिलं, "चीर सळईच्या रेषेत दिसतेय. गंजलेली सळई फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलते. प्लॅस्टरनं चीर झाकेल, आतला गंज चालूच राहील. लहान हातोडीनं हलकं ठोकून बघ, पोकळ आवाज आला तर कव्हर सुटलंय. वर त्या कॉलमलगत बाथरूम आहे का? इमारत किती जुनी? कॉलम धोक्यात आहे की नाही ते फोटोवरून सांगणार नाही, ते तपासूनच कळतं."

ते शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. फोटो बघून "काही होत नाही रे" म्हणणारा इंजिनिअर माणसांच्या जिवाशी खेळतो.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज पोकळ होता, वर बाथरूमही होतं. इमारत 1992 ची. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, त्यांचं एकदाही झालं नव्हतं. ते काम मला मिळालं. रिबाउंड हॅमर, यूपीव्ही, हाफ सेल, सगळ्या चाचण्या केल्या. त्या कॉलमवर हाफ सेलची रीडिंग उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेली, म्हणजे आत गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त. मित्र स्वतःच सेक्रेटरी होता, त्यामुळे रिपोर्ट त्याच्याच हातात गेला आणि त्यानं तो सर्वसाधारण सभेत वाचून दाखवला. त्या सभेतूनच शेजारच्या सोसायटीचं काम आलं.

असोसिएशनचं गणित निराळं. आयएसएसई असो, एसीसीई असो, तिथं सगळे आपल्याच धंद्यातले. मग स्पर्धक आपल्याला काम का देईल? त्याचे हात भरलेले असतात, साइट लांब असते, काम त्याच्या लाइनचं नसतं, किंवा इमारत त्यानंच डिझाइन केलेली असल्यामुळे ऑडिट दुसऱ्यानं करणं योग्य असतं. अशा वेळी त्याला तुमचं नाव एका विशिष्ट कामासाठी आठवायला हवं. मी आधी "सर्व प्रकारची स्ट्रक्चरल कामं" अशी ओळख दिली होती, आठ महिने एक फोन नाही. मग ती बदलली: "जुन्या आरसीसी इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीचं डिझाइन. पुणे आणि सातारा. नवीन इमारतींचं डिझाइन घेत नाही."

शेवटच्या वाक्यानं काम केलं. एका ज्येष्ठ सरांनी स्वतः डिझाइन केलेल्या सोसायटीचं ऑडिट माझ्याकडे पाठवलं, कारण मी त्यांचं गिऱ्हाईक ओढणार नाही याची त्यांना खात्री वाटली. पुढं त्या सोसायटीच्या अध्यक्षांनी त्यांच्या प्लॉटवरच्या बंगल्याचं डिझाइन मला विचारलं. मी म्हटलं, "तुमचे सर आहेत की, त्यांनाच फोन करा." आणि तसं सरांनाही कळवलं.

कमिशनबद्दलही सांगतो. याच ग्रुपमधल्या एका दुरुस्ती ठेकेदारानं मला टक्केवारी देऊ केली: मी त्याचं नाव सुचवायचं, तो मला सोसायट्या देणार. किती कॉलमना जॅकेटिंग करायचं आणि किती ठिकाणी नुसतं पॅचवर्क पुरतं, हे माझ्या रिपोर्टवर ठरतं. ठेकेदाराचे पैसे खिशात असताना तो आकडा खरा राहील का? मी नाही म्हटलं, आणि त्याच्याकडून एकही सोसायटी आली नाही.

गेल्या महिन्यात सरांचा पुन्हा फोन आला. कराडजवळ पाण्याची जुनी उंच टाकी आहे, तळाच्या स्लॅबमधून पाणी झिरपतंय, त्यांना आता जिना चढवत नाही. सोमवारी मी बघायला जातोय.